नऊ टक्के, सोळा टक्के आणि तुटलेला चार्जिंग पॉइंट

*गेल्या आठवड्यात मी गेमिंग लॅपटॉप घेतला. कंपनीची वॉरंटी एक वर्षाची आहे. विक्रेता दोन प्लॅन सुचवतोय. एकात वॉरंटी आणखी दोन वर्षं वाढते, त्याचे लॅपटॉपच्या किमतीच्या ९ टक्के. दुसऱ्यात तेच, शिवाय पडणं, पाणी सांडणं वगैरे अपघातही तिन्ही वर्षं. त्याचे १६ टक्के. ३० दिवसांत ठरवायचं आहे. आधीच्या लॅपटॉपचा चार्जिंग पॉइंट चौदाव्या महिन्यात गेला आणि सगळा खर्च अंगावर पडला, म्हणून या वेळी निदान वाढीव वॉरंटी तरी घ्यावी असं वाटतं. भाऊ म्हणतो, हे सगळे प्लॅन म्हणजे शुद्ध लूट. लॅपटॉप मी रोज सॅकमधून कामाला नेते आणि रात्री त्यावरच गेम खेळते. घरात कन्सोल आहे, त्याच्या कंट्रोलरसाठीही असाच प्लॅन मिळतोय. वस्तू महागाची आहे, प्लॅन घेतला की मनाला स्वस्थता मिळेल. घेऊ का?*

नमस्कार,

तुमच्या भावाचं म्हणणं यातल्या एका प्लॅनला बरंचसं लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही. पंचाईत अशी की, ज्याला ते लागू पडतं नेमका तोच प्लॅन घ्यायला तुम्ही निघाला आहात.

आधी त्या जुन्या चार्जिंग पॉइंटकडे बघू, कारण तुमचा सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे. तो गेला म्हणजे नक्की काय झालं होतं? गेमिंग लॅपटॉपचा अडॅप्टर विटेएवढा जड असतो आणि वायर जाडजूड. वायर टेबलावरून लोंबत असली, किंवा प्लग लावलेलाच असताना लॅपटॉप उचलून दुसरीकडे ठेवायची सवय असली, की सगळा ताण त्या एवढ्याशा भोकातल्या पिनेवर येतो. मग पिन वाकते, आतलं प्लॅस्टिक तडकतं, किंवा पॉइंट बोर्डावर जिथे सोल्डर केलेला असतो तो सांधा सुटतो. सर्व्हिस सेंटरमधला माणूस टॉर्च मारून आत बघतो, वाकलेली पिन दिसली की जॉब शीटवर ‘फिजिकल डॅमेज’ असे दोन शब्द लिहितो आणि वॉरंटीचा विषय तिथेच मिटतो.

ही वॉरंटी मूळची असो की वाढवलेली, हे दोन शब्द दोन्हींना सारखेच लागू होतात. वाढीव वॉरंटी मुदत वाढवते, व्याप्ती वाढवत नाही. पहिल्या वर्षी ज्या गोष्टी कंपनी फुकट दुरुस्त करून देत होती, तेवढ्याच पुढची दोन वर्षं मिळतात. म्हणजे मालातला दोष किंवा जोडणीतला दोष. तेव्हा जुनी जॉब शीट सापडली तर एकदा बघा. तिच्यावर ‘फिजिकल डॅमेज’ लिहिलेलं असेल, तर त्या वेळी वाढीव वॉरंटी असती तरीही तो खर्च तुमच्याच अंगावर पडला असता. आणि ते लिहिलेलं नसेल, पॉइंट खरोखर आतल्या दोषामुळे गेला असेल, तर तुमची भीती रास्त आहे. पण मग तो सुटा भाग बदलायला किती खर्च आला होता तेही आठवून बघा. कित्येक मॉडेलमध्ये चार्जिंग पॉइंट छोट्या वायरीला जोडलेला वेगळा भाग असतो, तो काढून दुसरा बसवता येतो. काहींमध्ये तो थेट मदरबोर्डावर असतो, तिथे काम किचकट. तुमच्या नव्या मॉडेलमध्ये काय आहे, हे सर्व्हिस सेंटरला एक फोन करून कळेल.

आता पैशांचा हिशेब. लॅपटॉपची किंमत १०० धरू, म्हणजे प्रत्येक आकडा आपोआप टक्क्यांत पडेल. दुरुस्तीचे आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत. तुम्ही तुमच्या मॉडेलचे खरे दर विचारून त्या जागी टाका. समजा मदरबोर्ड बदलायला ५० लागतात, स्क्रीनला २०, कीबोर्डला ७, पंख्यांच्या जोडीला ४. मदरबोर्ड इतका महाग असण्याचं कारण असं की, गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही त्याच पट्टीवर कायमच्या सोल्डर केलेल्या असतात. ग्राफिक्सची चिप एकटी गेली तरी सेंटर अख्खा बोर्ड बदलायचं सांगतं. रॅम आणि एसएसडी बहुतेक वेळा सुट्या असतात आणि घरीही बदलता येतात.

पंखा वाढीव वॉरंटीत फुकट बदलून मिळाला तरी तुम्ही ९ भरून ४ चं काम करून घेतलंत. कीबोर्ड गेला तरी तेच. याचा अर्थ, नाव काहीही असलं तरी ही वाढीव वॉरंटी मुळात मदरबोर्डाचा विमा आहे. ९ भागिले ५० केलं की १८ टक्के येतात. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात, तुमच्या हातून काही न होता, अशा पाच-सहा लॅपटॉपांतल्या एकाचा बोर्ड आपणहून मरत असेल, तरच सरासरीने हा सौदा बरोबरीत सुटतो.

इतके बोर्ड मरतात का? याचं उत्तर तुमच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, पण प्लॅन विकणाऱ्याकडे आहे. कुठल्या मॉडेलचे किती नग कितव्या महिन्यात परत आले, याची नोंद त्याच्याकडे असते. त्यानेच ९ ही किंमत ठरवलीय. त्यातून विक्रेत्याचं कमिशन जातं, कॉल सेंटर चालतं, नफा सुटतो. समजा यात निम्मे पैसे गेले, तर दुरुस्तीसाठी साडेचार उरले. ५० च्या बोर्डांच्या भाषेत बोलायचं तर त्याने १०० लॅपटॉपांमागे नऊ बोर्ड धरलेत, आणि तुम्ही पैसे भरताय अठरा बोर्डांचे. हिशेब ढोबळ आहे, कमिशनचा वाटा कमी-जास्त असेल, पण रोख हाच राहतो. बिघाड किती होतात हे ज्याला ठाऊक आहे तो किंमत ठरवतो आणि ज्याला ठाऊक नाही तो ती देतो.

शिवाय तुम्ही जी वर्षं विकत घेताय तीही बघा. इलेक्ट्रॉनिक वस्तूत कच्चा सोल्डर, सदोष चिप, नीट न बसलेली केबल असं जे काही असतं, ते बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत उघडं पडतं. तो काळ मूळ वॉरंटीत आहे. झिजेचे बिघाड येतात ते उशिरा: पंख्याचं बेअरिंग घरघरायला लागतं, चिपवरची थर्मल पेस्ट सुकते, बॅटरी निम्म्यावर येते. यातला पंखा स्वस्त आहे, पेस्ट देखभालीत मोडते, आणि बॅटरीला बहुतेक प्लॅन एका वर्षानंतर हात लावत नाहीत. दोन्ही टोकांच्या मधला जो सर्वांत शांत काळ, तो तुम्हाला ९ टक्क्यांना विकला जातोय.

म्हणून पहिल्या वर्षाचा पुरेपूर उपयोग करा. पहिल्या महिन्यातच एक जड गेम सलग तासभर चालवून बघा. लॅपटॉप अचानक बंद पडतो का, स्क्रीनवर रेघा किंवा चौकटी उमटतात का, दोन्ही पंखे सारखे फिरतात का, प्रत्येक पोर्ट चालतं का, बिजागर उघडताना एका बाजूने कुरकुरतं का, ते तपासा. यातलं काहीही दिसलं तर ‘बघू पुढे’ म्हणू नका. लगेच तक्रार नोंदवा आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवा. वॉरंटी संपल्यावर तीच तक्रार पुन्हा आली, तर आधीची नोंद फार कामाला येते.

आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कित्येक कंपन्या, मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत, वाढीव वॉरंटी स्वतःच विकतात. तुमच्या कंपनीचं तसं असेल, तर या ३० दिवसांची घाई वाढीव वॉरंटीपुरती खोटी ठरते. अकराव्या महिन्यात ठरवा. तोपर्यंत त्या मॉडेलचे बोर्ड जातात की नाही, याची कुजबुज सगळीकडे झालेली असेल, तुमचा नग कसा वागतोय तेही कळलेलं असेल, आणि कंपनीची किंमत ९ ऐवजी ४-५ असली तर हिशेबही बदलेल. ५ भागिले ५० म्हणजे १० टक्के. तिथे मग मी चटकन नाही म्हणणार नाही.

मोठ्या प्रमाणावर निघालेल्या दोषांचं तर वेगळंच असतं. एक्सबॉक्स ३६० वर तीन लाल दिवे लागून कन्सोल मरू लागले, तेव्हा २००७ साली मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी सरसकट तीन वर्षांची केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. ज्यांनी वाढीव वॉरंटी घेतली नव्हती, त्यांनाही ती मिळाली. प्रत्येक वेळी असं होतं असं नाही. पण दोष सगळ्यांच्याच नगांत असेल, तर ओरड तुम्हाला एकट्याला करावी लागत नाही. आणि काही ठिकाणी कायदाच विक्रेत्याला जास्त काळ बांधून ठेवतो. युरोपीय संघात ग्राहकोपयोगी वस्तूंना किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते. तिथे दुसऱ्या वर्षासाठी वेगळे पैसे मोजताना, जे आपल्याला आधीच मिळालंय तेच पुन्हा विकत घेतोय का, हे बघायला हवं.

अपघाताच्या प्लॅनमध्ये मात्र पारडं फिरतं. तुम्ही लॅपटॉप कसा वापरता, हे प्लॅन विकणाऱ्याला माहीत नसतं. टेबलावरून कधीच न हलणाऱ्या लॅपटॉपलाही तोच दर आणि रोज सॅकमधून गर्दीत धक्के खाणाऱ्यालाही तोच. पहिल्या प्रकारचा माणूस दुसऱ्याचा खर्च भरतो. तुम्ही दुसऱ्या प्रकारात आहात, आणि ही माहिती फक्त तुमच्याकडे आहे. या सगळ्या व्यवहारात ग्राहकाकडे विक्रेत्यापेक्षा जास्त माहिती असण्याची ही एकच जागा.

आता याचा हिशेब. दोन्ही प्लॅनमधला फरक ७ चा. अपघाताच्या प्रत्येक क्लेमला बहुधा काही वाटा ग्राहकाने भरायचा असतो. तो बिलाच्या १० टक्के धरू. स्क्रीन फुटली तर २० पैकी तुमचे २ जातात, म्हणजे १८ वाचले. पाण्याने बोर्ड गेला तर ४५ वाचले. दोन्ही घडण्याची शक्यता सारखी धरली तर एका अपघातामागे सरासरी साडेएकतीस वाचतात. ७ भागिले ३१.५ म्हणजे साधारण २२ टक्के. तीन वर्षांत एखादा मोठा अपघात होण्याची शक्यता पाचांत एकाहून थोडी जास्त असेल, तर हे ७ वसूल होतात. रोजची ने-आण, रात्री अंथरुणात मांडीवर लॅपटॉप, बाजूला पाण्याची बाटली, घरात लहान मूल किंवा मांजर: यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या की हा आकडा मुळीच अवास्तव वाटत नाही.

पण हे ७ सुटे मिळतात का? बहुधा विक्रेता अपघाताचं संरक्षण वाढीव वॉरंटीला बांधूनच देतो, आणि खरी मेख तिथे आहे. तुम्हाला ७ ची वस्तू हवीय आणि तिच्यासोबत ९ ची घ्यावी लागतेय, जिची किंमत आपल्या ढोबळ हिशेबाने साडेचार आहे. मग १६ मधून साडेचार वजा करून उरलेले साडेअकरा अपघातांतून निघायला हवेत. ११.५ भागिले ३१.५ म्हणजे ३६ टक्क्यांहून थोडं जास्त. पाचांत एक होतं, ते तिनांत एकाच्या वर गेलं. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: अपघाताचा प्लॅन एकटा मिळतो का, आणि एक किंवा दोन वर्षांचा मिळतो का? लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीलाही विचारा. तिच्याकडे तो सुटा असण्याची शक्यता दुकानापेक्षा जास्त असते. ३० दिवसांची मुदत खरी आहे ती याच प्लॅनला. अपघाताचं संरक्षण जुन्या वस्तूला कोणी सहसा देत नाही, कारण लोक आधी स्क्रीन फोडतील आणि मग प्लॅन घेतील.

तिसरं वर्ष मला एवढं महत्त्वाचं वाटत नाही, त्याचं कारण कागदावर बारीक अक्षरांत असतं. बऱ्याच प्लॅनमध्ये घसाऱ्याचा तक्ता असतो. समजा तिसऱ्या वर्षी लॅपटॉपची किंमत ४० धरली जाते आणि बोर्डाला ५० लागतात. मग दुरुस्ती परवडत नाही असं ठरवून, तुमचा वाटा कापून ३६ हातात ठेवतात, काही ठिकाणी तर त्याच दुकानाचं व्हाउचर. लॅपटॉप ते ठेवून घेतात आणि प्लॅनही तिथे संपतो. यात फसवणूक नाही, सगळं लिहिलेलं असतं. फक्त ‘तीन वर्षं पूर्ण संरक्षण’ या पाटीवरून डोळ्यांपुढे जे चित्र येतं, ते हे नसतं.

कागद हातात आला की अख्खा वाचायची गरज नाही, तीन जागा शोधा. घसाऱ्याचा तक्ता ही एक. वर्षाला किती क्लेम चालतात आणि त्यांची एकूण मर्यादा किती, ही दुसरी. वर्षाला एकच, असं बऱ्याचदा असतं. आणि अपघाताची व्याख्या. ती बहुधा ‘अचानक, अनपेक्षित, बाहेरच्या कारणाने’ अशी असते आणि त्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. बिजागर सहा महिने सैल होत होत शेवटी तुटलं, तर ते अचानक नव्हे. पंख्यात धूळ साचून चिप तापली, तर तो निष्काळजीपणा. बॅटरी फुगली तर ती आतून फुगली, बाहेरून काही झालं नाही. (बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला दिसला, तर प्लॅन असो नसो, लॅपटॉप वापरणं आणि चार्ज करणं त्याच क्षणी थांबवा.) चोरी आणि हरवणं यात धरलेलं नसतं, सॅकच गेली, तर १६ टक्केही सॅकबरोबर गेले. आणि गेम खेळताना वेग पडतो, फ्रेम अडखळतात, ही तक्रार कुठल्याच प्लॅनमध्ये बसत नाही, कारण लॅपटॉप चालू तर आहे.

प्लॅन घेतल्यावर तो हातचा घालवायची सर्वांत सोपी वेळ म्हणजे पाणी सांडल्यानंतरचे पहिले दोन दिवस. माझ्या ओळखीच्या एका मुलीचं असंच झालं. रात्री कीबोर्डवर पेलाभर पाणी सांडलं. तिने पुसलं, ड्रायर फिरवला, अर्ध्या तासाने बटण दाबलं आणि लॅपटॉप सुरू झाला. सुटलो म्हणून ती दोन दिवस वापरत राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. तिच्या प्लॅनमध्ये घटनेपासून ४८ तासांत कळवायची अट होती. सेंटरमध्ये उघडल्यावर आतला पांढरा ठिपका लाल झालेला निघाला. ओल लागली की रंग बदलणारे असे ठिपके खूप कंपन्या आत चिकटवतात. त्याच्या शेजारी बोर्डावर हिरवट बुरशीसारखा गंजही धरला होता. पाणी लागल्यावरही लॅपटॉप चालवला, असा अहवाल गेला आणि क्लेम नाकारला.

पाण्याने बोर्ड लगेच मरत नाही, म्हणूनच माणूस फसतो. ओल्या बोर्डावर वीज खेळत राहिली की धातू झिजू लागतो, आणि लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच. म्हणून पाणी सांडल्यावर बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडं ठेवून तंबूसारखा उलटा उभा करा आणि पुन्हा सुरू करून बघायचा मोह टाळा. ओला कीबोर्ड, ओलं टेबल, सगळ्याचे फोटो घ्या. त्याच रात्री क्लेम नोंदवा आणि सकाळी सेंटरला न्या. त्यांनी उघडून बॅटरीची केबल काढणं हे पहिलं काम. स्वतः उघडू नका, निदान प्लॅन असताना तरी. आणि काय झालं ते खरं आणि थोडक्यात सांगा. ‘बहुतेक काहीतरी सांडलं असावं’ असं मोघम बोललात की घटनेची तारीख ठरत नाही, आणि तारखेवरच सगळं अडतं.

‘मनाची स्वस्थता’ हा शब्द तुम्ही वापरलाय, तो मी हसण्यावारी नेत नाही. फक्त ती कशापासून हवीय, हे नेमकं ठरवा. उद्या लॅपटॉप पडून बोर्ड गेला आणि किमतीच्या निम्मी रक्कम एकदम उभी करावी लागली, तर तुमचं काय होईल? दोन महिने ओढाताण होऊन निभावणार असेल, तर तुम्हाला प्लॅनची गरज नाही. ते ९ किंवा १६ टक्के वेगळ्या खात्यात टाका. तीन वर्षांत नवी बॅटरी आणि एकदा पंखे साफ करून पेस्ट बदलणं हे खर्च जवळपास नक्की येणार आहेत आणि ते कुठलाच प्लॅन देणार नाही. पण तेवढे पैसे उभे राहणारच नसतील आणि लॅपटॉपवाचून काम अडत असेल, तर सरासरीचा हिशेब थोडा तोट्याचा असला तरी प्लॅन घेणं शहाणपणाचं आहे. विमा घ्यायचा तो न झेपणाऱ्या नुकसानीचा. मात्र दुरुस्तीच्या काळात दुसरा लॅपटॉप मिळतो का, हेही विचारा. सहसा मिळत नाही, आणि कामाचा लॅपटॉप पंधरा दिवस सेंटरमध्ये पडून राहिला तर ती स्वस्थता कामावर काही दिसायची नाही.

तुमच्या जागी मी असते तर ९ चा प्लॅन घेतला नसता. अपघाताचा सुटा प्लॅन दोन वर्षांसाठी मिळाला, तर रोजच्या ने-आणीमुळे घेतला असता. फक्त १६ ची जोडीच मिळत असेल, तर वरचा निम्म्या रकमेचा प्रश्न स्वतःला विचारून ठरवलं असतं. आणि काहीही ठरवलं तरी चार्जर काढल्याशिवाय लॅपटॉप जागचा हलवायचा नाही, ही सवय आजपासून.

कंट्रोलरचं उत्तर छोटं आहे. कंट्रोलरची दुखणी म्हणजे मुख्यतः स्टिक ड्रिफ्ट: हात न लावता पात्र आपोआप एका बाजूला सरकतं. नेहमीच्या स्टिकमध्ये एक छोटा स्पर्शक कार्बनच्या पट्टीवर घासत फिरतो. पट्टी झिजली की चुकीचा आकडा जायला लागतो. म्हणजे ही झीज आहे, आणि ‘झिजेमुळे होणारे बिघाड वगळून’ ही ओळ जवळपास प्रत्येक प्लॅनमध्ये असते. ड्रिफ्ट धरलेलं आहे असं स्पष्ट लिहून देत असतील तरच विचार करा. तोंडी आश्वासन नको. नाहीतर पुढच्या वेळी हॉल इफेक्ट स्टिक असलेला कंट्रोलर बघा. त्यात चुंबकाने जागा मोजतात, घासणारं काही नसतं. दोन कंट्रोलरचा प्लॅन अर्ध्या कंट्रोलरच्या किमतीला पडत असेल, तर तेच पैसे नव्या कंट्रोलरसाठी ठेवलेले बरे. कन्सोलला जपायचं असेल तर त्याच्या एचडीएमआय पोर्टला जपा. केबल लावलेली असताना कन्सोल ओढला की आतल्या पिना वाकतात, आणि तिथेही जॉब शीटवर तेच दोन शब्द येतात.

प्लॅन घेतलात तर बिलावरचा, प्लॅनवरचा आणि लॅपटॉपच्या तळावरचा सिरीयल नंबर एकच आहे ना, ते दुकानातच ताडून बघा. एका अक्षराच्या चुकीवर क्लेम महिनाभर लटकतो. नोंदणी किंवा अॅक्टिव्हेशन वेगळं करायचं असेल तर त्याच दिवशी करा. प्लॅन किती दिवसांत परत करून पूर्ण पैसे मिळतात, तेही विचारून ठेवा. आणि पहिल्या वर्षात कंपनीने वॉरंटीखाली लॅपटॉपच बदलून दिला, तर नवा सिरीयल नंबर प्लॅनवर चढवून तसं लेखी घ्या. प्लॅन जुन्या नंबरावर राहिला आणि हातात नवा नग असला, की पहिल्या क्लेमच्या दिवशी तुमच्याकडे कुठलाच प्लॅन नाही असं उत्तर येतं.